‘३.१५’ म्हणजे नेमके किती? परदेशातील खरीददाराला जमीन आणि फ्लॅटचे माप कळवताना

‘आमचं दारव्हा तालुक्यात वावर आहे, गावालगतच्या लेआउटमध्ये एक अकृषिक प्लॉट आहे आणि यवतमाळात फ्लॅट आहे. तिन्ही विकायचे आहेत. घेणारे मूळचे आपल्याकडचेच, पण आता जर्मनीत असतात. प्लॉट आणि फ्लॅट ते स्वतः घेतील, वावर दिग्रसला शेती करणारे त्यांचे मोठे बंधू घेतील. हिशेब मात्र सगळा तेच पाहतात. बाबांच्या जुन्या खरेदीखतात वावर ३.१५ लिहिलं आहे. सातबाऱ्यावर एकूण १.३७.००, लागवडीयोग्य १.२८.०० आणि पोटखराब ०.०९.०० आहे. मी त्यांना ३.१५ एकर कळवलं, कारण १.२८ हेक्टरशी ते जुळत होतं. माझा धाकटा भाऊ म्हणतो, जमीन त्याहून जास्त आहे. प्लॉटच्या सातबाऱ्यावर २.२३ आहे, त्याचा फोटो पाहून त्यांनी “सव्वादोन हेक्टरचा प्लॉट आहे का?” असं विचारलं. फ्लॅट दलालाने ९५० फुटांचा सांगितला, पण कागदावर ७०.६० आहे. आता त्यांना काय लिहून पाठवू?’
— एक वाचक, दारव्हा तालुका

ताई, तुमचे धाकटे भाऊ बरोबर आहेत. जुन्या खरेदीखतातील ‘३.१५’ हा दशांश अपूर्णांक नाही. टिंबाच्या अलीकडे एकर आणि पलीकडे गुंठे, अशी ती लिहिण्याची रीत आहे आणि वऱ्हाडातल्या जुन्या कागदांत ती सर्रास आढळते. एका एकरात ४० गुंठे असतात, म्हणून तीन एकर पंधरा गुंठे म्हणजे १३५ गुंठे, आणि दशांशात लिहायचे तर ३.३७५ एकर. तुम्ही कळवलेले ३.१५ एकर जर्मनीत बसलेला माणूस दशांश म्हणूनच वाचणार, आणि त्याच्या लेखी तुमची जमीन १२६ गुंठ्यांची होते. मधले नऊ गुंठे, म्हणजे सुमारे ९१० चौरस मीटर, केवळ एका टिंबापायी हिशेबातून गळाले आहेत. एकरी १२ लाख असा भाव उदाहरणादाखल धरला, तर ही २ लाख ७० हजार रुपयांची जमीन होते.

तुमची गल्लत कुठे झाली हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण अशी गल्लत हिशेब तपासणाऱ्यालाही चकवते. तुम्ही पडताळा केला होता, पण तो चुकीच्या आकड्याशी केला. १.२८ हेक्टरचे एकर केले तर ३.१६ येतात आणि ते ३.१५ च्या इतके जवळ आहेत की कोणालाही हिशेब जुळला असेच वाटावे. परंतु १.२८ हे फक्त लागवडीयोग्य क्षेत्र आहे, तर खरेदीखतात एरवी पोटखराबासह संपूर्ण क्षेत्र लिहिलेले असते. तुमच्या वावरातले पोटखराब ९०० चौरस मीटर आणि टिंबामुळे गळालेले क्षेत्र ९१० चौरस मीटर. दोन्ही जवळपास सारखी निघाली, म्हणून एका चुकीने दुसरी झाकली गेली. एकूण क्षेत्राचा पडताळा एकूण क्षेत्राशीच करावा. १.३७ हेक्टर म्हणजे १३,७०० चौरस मीटर, त्याला ४०४६.८६ ने भागले की ३.३८५ एकर येतात, म्हणजे तीन एकर आणि सव्वापंधरा गुंठ्यांहून थोडे अधिक. खरेदीखताशी हा आकडा नीट बसतो.

इथे एक शंका उरते आणि तुमच्या खरीददारांनी ती काढली तर तिला उत्तर हवे. ३.१५ हे गुंठेच आहेत, दशांश नाही, हे कशावरून? पहिली खूण त्याच खरेदीखतात सापडते. मजकुरात बहुधा कुठेतरी ‘तीन एकर पंधरा गुंठे’ असे अक्षरी लिहिलेले असते, किंवा तक्त्याच्या माथ्यावर ‘ए. गुं.’ अशी खूण असते. ती झिजली किंवा फाटली असेल, तर त्याच गावचे त्या काळातले आणखी काही उतारे पाहावेत. एकर-गुंठ्यांत टिंबापुढचा आकडा ३९ च्या वर कधीच जात नाही, कारण चाळिसावा गुंठा झाला की पुढचा एकर सुरू होतो. दहा-पंधरा नोंदींमध्ये एकदाही ४.६२ किंवा १.८५ असा आकडा दिसला नाही, तर तो कागद गुंठ्यांतला आहे असे धरायला हरकत नाही. उलट असे आकडे दिसू लागले, तर तो एकराचा शंभरावा भाग, म्हणजे डिसमिल आहे, हे ओळखावे. भंडारा-गोंदियाकडे व्यवहारात डिसमिल आजही ऐकू येतो आणि तिकडच्या ३.१५ चा अर्थ खरोखरच ३.१५ एकर असा होऊ शकतो. नातेवाइकांच्या तिकडच्या कागदांवरून आपल्या यवतमाळच्या कागदाचा अर्थ लावू नये, एवढ्याचसाठी हे लिहिले.

बारीक नजरेच्या माणसाला आणखी एक फरक दिसेल. तीन एकर पंधरा गुंठे म्हणजे अचूक हिशेबाने १३,६५८ चौरस मीटर होतात आणि सातबाऱ्यावर १३,७०० आहेत. हा ४२ चौरस मीटरचा फरक जुने माप आरमध्ये बदलताना जवळच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेल्यामुळे पडलेला असावा. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तेव्हा अर्ध्या आरपर्यंतचा फरक अशा बदलात सहज पडतो. त्याबद्दल घाबरण्याचे किंवा तो लपवण्याचे कारण नाही. मात्र धुऱ्यावरून शेजाऱ्याशी कधी कुरबुर झाली असेल, किंवा नाल्याने काठ खाल्ला असेल, तर कागदावरचे दोन्ही आकडे बाजूला ठेवून भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीच्या नकाशाची प्रत खरीददाराला पाठवावी. सातबारा हा क्षेत्राची नोंद दाखवतो. धुरे आज जागेवर कुठे आहेत हे तो दाखवत नाही.

आता प्लॉटचे पाहू. त्या गृहस्थांचा प्रश्न वरवर विचित्र वाटला तरी त्यांची त्यात चूक नाही. सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर या क्रमाने असते, पण अकृषिक जमिनीचे क्षेत्र फक्त आर आणि चौरस मीटरमध्ये असते. म्हणून वावराच्या सातबाऱ्यावर टिंबाच्या अलीकडचा १ हा हेक्टर आहे, आणि प्लॉटच्या सातबाऱ्यावर टिंबाच्या अलीकडचा २ हा आर आहे. तुमचा प्लॉट २ आर २३ चौरस मीटर, म्हणजे २२३ चौरस मीटरचा आहे. त्याला १०.७६४ ने गुणले की २,४०० चौरस फूट येतात. चाळीस बाय साठचा हा प्लॉट असणार, आणि लेआउटच्या मंजूर नकाशावर त्याच्या बाजू पाहून तुम्हाला ते ताडून घेता येईल. हाच आकडा त्यांनी वावराच्या सातबाऱ्याच्या सवयीने हेक्टरमध्ये वाचला आणि प्लॉट त्यांना साडेपाच एकरांचा वाटला. सातबाऱ्याचा फोटो पाठवताना एककाची ओळ फोटोतून कापली जाणार नाही, एवढे पाहावे. अनेकदा फक्त आकड्यांचा चौकोन टिपला जातो आणि सारा घोळ तिथून सुरू होतो.

प्लॉटच्या बाबतीत आपल्याकडे दुसरी एक ढोबळ सवय आहे, ती म्हणजे आर आणि गुंठा एकच समजण्याची. गुंठा हा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात १०१.१७ चौरस मीटर. आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. एका गुंठ्यामागे तेरा फुटांच्या आसपास फरक पडतो; वावराच्या गप्पांत तो कोणी मोजत नाही, पण चौरस फुटाच्या भावाने विकल्या जाणाऱ्या प्लॉटमध्ये मोजला जातो. तुमचा प्लॉट २.२० गुंठ्यांचा आहे. कोणी बोलण्याच्या ओघात त्याला ‘सव्वादोन गुंठे’ म्हटले, तर त्याचे २,४५० चौरस फूट होतात, आणि खरेदीच्या दिवशी पन्नास फूट कुठे गेले असे खरीददार विचारेल. गुंठा म्हणजे हजार फूट, असे सांगणारेही भेटतात. त्या हिशेबाने प्लॉट २,२०० फुटांचा होऊन तुमचेच दोनशे फूट बुडतात. त्यामुळे प्लॉटचे माप सांगताना गुंठा मध्ये आणूच नये. सातबाऱ्यावरचे चौरस मीटर घ्यावेत, आणि फूट हवे असतील तर थेट त्यांवरून काढावेत.

हाच नियम वावरालाही लावावा. हेक्टरवरून एकर, एकरावरून गुंठे, गुंठ्यांवरून फूट अशी साखळी केली की प्रत्येक टप्प्यावर आकडा थोडा थोडा सरकतो. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, हे बाजारातले प्रमाण तुमच्या जमिनीला लावले तर ३.४२५ एकर येतात, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा दीड गुंठ्याहून अधिक. नेमके प्रमाण २.४७१ आहे. हातातल्या मोबाइलवर चौरस मीटरला एकदाच भागावे किंवा गुणावे, आणि आलेला आकडा अगदी शेवटी तोडावा.

फ्लॅटच्या बाबतीत प्रश्न गुणाकाराचा नाही, नेमके काय मोजले याचा आहे. तुमच्या कागदावरचे ७०.६० हे चौरस मीटर आहेत आणि ते बहुधा बांधीव क्षेत्र असावे. सूची क्रमांक दोनवर किंवा खरेदीखतात ‘बांधीव’ की ‘चटई’ हा शब्द आहे ते आधी पाहा. ७०.६० चौरस मीटरचे ७६० चौरस फूट होतात. या ७६० वर २५ टक्के लोडिंग चढवले की बरोबर ९५० येतात. दलालाने सांगितलेला आकडा असाच तयार झाला असणार. त्यात जिना, लिफ्ट, पार्किंगपर्यंतची वाट यांचा वाटा मिळवलेला असतो आणि त्याला सुपर बिल्टअप म्हणतात. हा आकडा जर्मनीला कळवला तर ते त्याचे ८८ चौरस मीटर करतील आणि राहायला तेवढी जागा आहे असे समजतील, कारण तिकडे घराचे माप सांगताना भिंतीसुद्धा धरत नाहीत आणि बाल्कनी सहसा पाव हिश्श्यानेच धरतात. तो आकडा कळवूच नका. आधीच कळवला असेल, तर तो कोणत्या प्रकारचा होता हे आज लिहून कळवा.

त्यांना हवे आहे ते चटई क्षेत्र. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंती, पाइपांसाठीच्या शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. आतल्या खोल्यांमधील पडद्या मात्र येतात. तुमच्या इमारतीच्या कागदांत हा आकडा नसेल, तर फ्लॅट स्वतः मोजावा लागेल. फ्लॅट रिकामा असेल तर दोन माणसांना एका दुपारचे काम आहे. प्रत्येक खोली एका भिंतीच्या प्लास्टरपासून समोरच्या भिंतीच्या प्लास्टरपर्यंत मोजावी, बाल्कनी वेगळी लिहावी, आणि पडद्यांची जाडी दाराच्या चौकटीत टेप धरून घ्यावी. खोल्यांची बेरीज एका ओळीत आणि पडद्यांचे क्षेत्र दुसऱ्या ओळीत ठेवले, तर रेराच्या व्याख्येचा आकडाही मिळतो आणि जर्मनीतल्या सवयीचा आकडाही त्यांना आपापला काढता येतो.

मोजताना वावरातले टिंब इथेही आडवे येते. आपल्याकडे दहा फूट सहा इंच सर्रास ‘१०.६’ असे लिहितात. फुटात बारा इंच असतात, म्हणून सहा इंच म्हणजे अर्धा फूट, आणि दशांशात ते १०.५ होतात. समजा, एक खोली १० फूट ६ इंच बाय ११ फूट ९ इंच आहे. तिचे क्षेत्र १०.५ गुणिले ११.७५, म्हणजे १२३ चौरस फुटांहून थोडे जास्त. तेच १०.६ गुणिले ११.९ केले की १२६ येतात आणि खोली पावणेतीन फुटांनी फुगते. उलट ९ फूट ११ इंच हे ९.११ म्हणून गुणले तर खोली आक्रसते, आणि फुगलेल्या व आक्रसलेल्या खोल्यांच्या बेरजेत चूक कुठे आहे हे शोधूनही सापडत नाही. सोपा मार्ग असा की टेपची मीटरची बाजू वापरावी. वरचीच खोली ३.२० बाय ३.५८ मीटर भरते आणि गुणाकार थेट ११.४६ चौरस मीटर देतो. इंच मध्ये येतच नाहीत.

पत्र लिहिताना आणखी एका टिंबाची आणि स्वल्पविरामाची काळजी घ्यायला हवी, कारण जर्मनीत या दोघांची कामे उलटी आहेत. तिकडे दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. तुम्ही ‘13,700’ लिहिले तर तिथल्या बँकेतला किंवा कार्यालयातला माणूस ते तेरा पूर्णांक सात दशांश असे वाचू शकतो. लाखांप्रमाणे स्वल्पविराम दिलेला आपला ‘1,47,465 चौरस फूट’ तर तिकडे कोणालाच लावता येणार नाही. तुमचे खरीददार मराठी आहेत, ते समजून घेतील. पण तो कागद कर्जासाठी किंवा करसल्ल्यासाठी पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल. म्हणून क्षेत्र चौरस मीटरमध्ये, पूर्णांकात आणि स्वल्पविरामाशिवाय लिहावे, आणि एकक दर वेळी अक्षरी लिहावे. हेक्टर आणि आर ही मापे जर्मनीत चालतात, त्यामुळे तुमचा सातबारा त्यांना एकर-गुंठ्यांपेक्षा लवकर समजेल. मजकूर साधारण असा ठेवता येईल :

‘शेतजमीन : सातबाऱ्याप्रमाणे एकूण क्षेत्र १३७०० चौरस मीटर (१ हेक्टर ३७ आर). त्यापैकी लागवडीयोग्य १२८०० चौरस मीटर आणि पोटखराब ९०० चौरस मीटर. जुन्या खरेदीखतात हेच क्षेत्र ३ एकर १५ गुंठे असे आहे. मी आधी कळवलेले ३.१५ एकर कृपया रद्द समजावे.

अकृषिक प्लॉट : २२३ चौरस मीटर (२ आर २३ चौरस मीटर), म्हणजे सुमारे २४०० चौरस फूट. बाजूंची मापे सोबतच्या मंजूर नकाशात आहेत.

फ्लॅट : खरेदीखताप्रमाणे बांधीव क्षेत्र ७०.६० चौरस मीटर. प्रत्यक्ष मोजलेल्या खोल्यांचे, आतल्या पडद्यांचे आणि बाल्कनीचे क्षेत्र सोबतच्या तक्त्यात वेगवेगळे दिले आहे. ९५० चौरस फूट हे सुपर बिल्टअप क्षेत्र आहे; भाव त्यावर धरू नये.’

फ्लॅटच्या ओळीत टिंब टाळता येत नाही, म्हणून ‘सत्तर पूर्णांक साठ शतांश’ असे अक्षरीही लिहा.

वावर त्यांच्या बंधूंच्या नावे होणार आहे, हे योग्यच आहे. परदेशात राहणारे भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांना प्लॉट आणि फ्लॅट विकत घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय विदर्भाच्या कूळ कायद्यानुसार शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून देता येत नाही. बंधूंचा खातेदार असल्याचा उतारा आधीच मागून घ्या. आणि त्या खरेदीतले पैसे जर्मनीतून येणार असतील, तर ते कोणाचे व कशासाठी आले, हे इसार घेण्यापूर्वी दोघांनीही वकिलाला विचारावे.

राहिला भावाचा प्रश्न, आणि तो क्षेत्राइतकाच स्पष्ट लिहिला पाहिजे. एकरी भाव ठरवताना तो एकूण क्षेत्रावर आहे की लागवडीयोग्य क्षेत्रावर, हे इसारपावतीतच नमूद करा. तुमच्या ९०० चौरस मीटर पोटखराबाचे पाव एकरापेक्षा थोडे कमी होतात. वर धरलेल्या १२ लाखांच्या भावाने ती रक्कम सुमारे २ लाख ६७ हजारांवर जाते. पोटखराबात नाला असेल, तर बंधू त्याचा भाव देणार नाहीत म्हणतील. तिथे विहिरीची जागा किंवा गुरांची चराई असेल, तर तुम्ही तो का सोडावा? हे दोघांनी समोरासमोर ठरवायचे आहे. जे ठरेल त्याचा भाव जर्मनीतल्या गृहस्थांना एकरी न कळवता चौरस मीटरमागे कळवा. एकरी १२ लाख म्हणजे चौरस मीटरला सुमारे २९६ रुपये ५० पैसे होतात, आणि मग गुणाकार तेही करतील, तुम्हीही कराल आणि रक्कम एकच येईल.